अमावास्या एकच, लक्ष्मीपूजनं दोन: २०२५ मध्ये कॅलेंडरं का जुळली नाहीत?

प्रश्न: गुरुजी, कोल्हापूरच्या गुजरीत आमचं सोन्याचांदीचं दुकान आहे. २०२५ ला आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं आणि दिल्लीच्या व्यापाऱ्यानं पाठवलेल्या कॅलेंडरात २० ला. चंद्र तर एकच, मग चुकलं कोण? आणि आपण पूजा केली तेव्हा अमावास्या संपलेली होती असं मुलगा मोबाईलवर बघून सांगतो, ते खरं का?

उत्तर:

मुलगा बरोबर सांगतो. २१ ऑक्टोबरला अमावास्या संध्याकाळी ५ वाजून ५४ मिनिटांनी संपली आणि त्या दिवशी कोल्हापुरात सूर्य मावळला ६ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास. तुम्ही गादीवर वह्या मांडल्या तेव्हा आकाशात प्रतिपदा सुरू झाली होती. तरीही तुमचं कॅलेंडर चुकलेलं नव्हतं आणि दिल्लीचंही नव्हतं. मी पंचांगाचं गणित मांडतो आणि पेठेतल्या दुकानांत वहीपूजनालाही बसतो, त्यामुळं हा प्रश्न मला दोन्हीकडून विचारला जातो. जरा सविस्तर सांगतो.

आधी अमावास्या म्हणजे काय ते बघू. रंकाळ्याभोवती दोघं जण फेऱ्या मारताहेत, एक सावकाश चालतोय आणि एक झपझप, अशी कल्पना करा. झपझप चालणारा वारंवार दुसऱ्याला मागून गाठतो. सूर्य सावकाश चालणारा, चंद्र झपझप चालणारा. दोघांमधलं अंतर शून्य होतं तो क्षण म्हणजे अमावास्येचा शेवट. लोकांना वाटतं की तो अमावास्येचा मध्य असावा, पण तसं नाही. चंद्र सूर्याच्या मागे बारा अंशांवर येतो तिथं अमावास्या तिथी सुरू होते, आणि तो सूर्याला गाठतो तिथं संपते. गाठून पुढं निघाला की शुद्ध प्रतिपदा लागली.

हा क्षण साऱ्या जगात एकच असतो. भारतात सगळीकडं एकच घड्याळ आहे, म्हणून ५:५४ ही वेळ कोल्हापुरात, दिल्लीत आणि कोलकात्यात तीच. सूर्यास्त मात्र गावागणिक वेगळा, आणि लक्ष्मीपूजन ठरतं ते सूर्यास्तावरून. बाकी बरेच सण सूर्योदयाला कोणती तिथी आहे ते बघून ठरतात. लक्ष्मीपूजनाला मात्र प्रदोषकाळी अमावास्या हवी. प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरचा रात्रीचा पाचवा भाग, त्या दिवसांत सुमारे दोन तास पंचवीस मिनिटं.

कॅलेंडर वाचताना पहिली गल्लत इथंच होते. चौकोनात छापलेली तिथी ही त्या दिवशीच्या सूर्योदयाची असते. २० ऑक्टोबरच्या चौकोनात चतुर्दशी होती, म्हणून अनेकांनी धरलं की २० ला अमावास्या नव्हतीच. प्रत्यक्षात ती त्या दिवशी दुपारी ३ वाजून ४४ मिनिटांनी लागली होती. म्हणजे २० ची पूर्ण संध्याकाळ आणि पूर्ण रात्र अमावास्येची होती, आणि २१ ला ती सूर्यास्ताच्या चौदा मिनिटं आधी संपली. एवढं ऐकल्यावर कुणीही म्हणेल, मग २० च बरोबर! सरळ नियमानं तेच उत्तर येतं आणि दिल्लीच्या कॅलेंडरात तेच होतं.

आता महाराष्ट्रातल्या बहुतेक पंचांगांनी आणि कॅलेंडरांनी २१ का धरली ते सांगतो. राज्य सरकारची सुट्टीही २१ लाच होती, आणि मुंबईच्या शेअर बाजारात मुहूर्ताचे सौदे त्याच दिवशी झाले. याचं मूळ धर्मसिंधूत आहे. पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिलेला हा निर्णयग्रंथ आपल्याकडं आजही सगळ्यात जास्त उघडला जातो. लक्ष्मीपूजनाच्या प्रकरणात ते आधी सोप्या गोष्टी सांगतात. दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर घटकेपेक्षा जास्त वेळ अमावास्या असेल तर शंकाच नाही, दुसरा दिवस घ्या. दोन्ही दिवशी प्रदोषात असेल तरी दुसरा. फक्त पहिल्या दिवशी प्रदोषात असेल तर पूजेला पहिला दिवस. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं.

आणि मग ते पुरुषार्थचिंतामणी या ग्रंथाचं वेगळं मत नोंदवतात. ते असं: प्रदोषात अमावास्या फक्त पहिल्या दिवशी असली, तरी दुसऱ्या दिवशी ती तीन प्रहरांपेक्षा जास्त वेळ टिकत असेल आणि पुढची प्रतिपदा त्या अमावास्येपेक्षा लांब असेल, तर लक्ष्मीपूजनही दुसऱ्याच दिवशी करावं.

म्हणजे एकाच ग्रंथात, एकाच पानावर, २० ला आधार आहे आणि २१ लाही. २०२५ चा मतभेद या दोन वाक्यांमधला होता. वेळांबद्दल कुणाचं भांडण नव्हतं. दोन्हीकडच्या पंचांगांत अमावास्या संपल्याची वेळ मिनिटा-दोन मिनिटांच्या फरकानं तीच होती.

महाराष्ट्रातल्या परंपरेनं दुसरं वाक्य धरलं. त्याच्या अटी खरोखर पुऱ्या होत होत्या का, ते कोल्हापूरच्या वेळांवर तपासू.

२१ ऑक्टोबरला आपल्याकडं सूर्योदय ६:२७ च्या सुमारास. दिवस साधारण अकरा तास एक्केचाळीस मिनिटांचा. त्याचे चार प्रहर केले की एक प्रहर दोन तास पंचावन्न मिनिटांचा. तीन प्रहर संपतात दुपारी सव्वातीनच्या आत. अमावास्या चालली ५:५४ पर्यंत, म्हणजे पहिली अट अडीच तासांहून जास्त फरकानं पुरी झाली.

दुसरी अट प्रतिपदेची. अमावास्या २० ला दुपारी ३:४४ पासून २१ ला संध्याकाळी ५:५४ पर्यंत, म्हणजे २६ तास १० मिनिटं. प्रतिपदा तिथून २२ ला रात्री ८:१६ पर्यंत, म्हणजे २६ तास २२ मिनिटं. बारा मिनिटांनी का होईना, प्रतिपदा लांब. दुसरी अटही पुरी, म्हणून २१.

या बारा मिनिटांमागं चंद्राची चाल आहे. चंद्र पृथ्वीपासून लांब असला की हळू चालतो, जवळ असला की वेगानं. त्यामुळं बारा अंशांचं अंतर तोडायला त्याला कधी वीस तास पुरतात, तर कधी सत्तावीसला थोडे कमी लागतात. २०२५ ला तो अमावास्येनंतर दोन दिवसांनी, २४ ऑक्टोबरच्या पहाटे, पृथ्वीपासून सर्वांत लांबच्या बिंदूला पोचणार होता. तिकडं जाताना वेग कमी होत होता, म्हणून पुढची तिथी मागच्यापेक्षा लांबत गेली. जुन्या शास्त्रकारांनी ‘प्रतिपदा वाढती असावी’ अशी अट घातली तेव्हा ते नकळत हेच विचारत होते: चंद्र लांब चाललाय की जवळ येतोय?

अट नुसती सोयीसाठी लावली जात नाही ना, हे बघायला २०२२ घ्या. त्या वर्षी अमावास्या २४ ऑक्टोबरला संध्याकाळी ५:२७ ला लागली आणि २५ ला दुपारी ४:१८ ला संपली. चित्र जवळपास तेच आहे. पहिली संध्याकाळ पूर्ण अमावास्येची, दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताआधी समाप्ती, आणि तीन प्रहर ३:११ ला संपत असल्यामुळं तीही अट पुरी. पण अमावास्या होती २२ तास ५१ मिनिटांची आणि प्रतिपदा २२ तास २४ मिनिटांची. चंद्र जवळच्या बिंदूकडं निघाला होता, २९ ऑक्टोबरला तिथं पोचला. तिथी आखडत होत्या. प्रतिपदेची अट मोडली, म्हणून २०२२ ला महाराष्ट्रातही लक्ष्मीपूजन पहिल्याच दिवशी, २४ ला झालं. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान त्याच दिवशी पहाटे, पूजा संध्याकाळी, मग २५ चा दिवस रिकामा आणि २६ ला पाडवा व भाऊबीज एकत्र. २५ ला संध्याकाळी सूर्यग्रहण होतं, सूर्य ग्रहणातच मावळला, आणि त्यामुळं बाजारात सगळीकडं बोललं गेलं की ग्रहणामुळं लक्ष्मीपूजन आधी ओढलं. तसं काही नव्हतं. ग्रहण नसतं तरी तारीख हीच आली असती.

ग्रहणाचा उपयोग वेगळ्या कामासाठी आहे. सूर्यग्रहण अमावास्येच्या शेवटाच्या आसपासच होऊ शकतं, कारण चंद्र सूर्याला गाठतो तेव्हाच तो आड येतो. ४:१८ ही छापील वेळ आणि पाचच्या सुमारास आपल्या डोळ्यांसमोर सूर्याला लागलेला घास, या दोन गोष्टी एकमेकींना धरून होत्या. पंचांगाचं गणित आकाशाशी जुळतं का, हे सामान्य माणसाला बघता येईल अशी याहून चांगली परीक्षा नाही.

कारण कॅलेंडरं न जुळण्याचं दुसरं कारण गणितच आहे. जुनं गणित सूर्यसिद्धांतावर किंवा १५२० मधल्या गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावर चालायचं. त्या काळाला ते उत्तम होतं, पण शतकं जातील तसा त्यात फरक साचत गेला. महाराष्ट्रात व्यंकटेश बापूजी केतकरांसारख्या गणितज्ञांनी प्रत्यक्ष वेधाशी जुळणारं, म्हणजे दृक् गणित रुजवलं आणि आज आपल्याकडची नावाजलेली पंचांगं त्यावरच चालतात. देशात काही ठिकाणी अजून जुन्या गणितानं पंचांगं निघतात. त्यांत तिथी संपायची वेळ तासाभरानं, कधी त्याहून बरीच, वेगळी असते. अमावास्या सूर्यास्ताच्या आसपास संपणार असेल तर एवढ्या फरकानं सणाचा दिवस बदलतो. ती सकाळी अकराला किंवा रात्री अकराला संपणार असेल तर तोच फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून दहा वर्षांतून बहुतेक वर्षी सगळी कॅलेंडरं गुण्यागोविंदानं नांदतात आणि मधेच एखाद्या वर्षी फोन सुरू होतात.

तुमच्यापुढं दोन कॅलेंडरं वेगळी बोलत असतील तर भांडणात पडण्याआधी दोन्हींत अमावास्येच्या समाप्तीची वेळ बघा. वेळ जुळते आणि तारीख जुळत नाही, तर मतभेद नियमाचा. वेळच तासाभरानं वेगळी, तर गणिताचा. काही पंचांगं मध्यरात्रीनंतरची वेळ पंचवीस-सव्वीस तास अशी छापतात, कारण त्यांचा दिवस सूर्योदयाला बदलतो. ते न कळल्यामुळंही लोक एक दिवस पुढं-मागं वाचतात.

तिसरं कारण गावाचं. २१ ऑक्टोबर २०२५ ला नागपुरात सूर्य मावळला पावणेसहाच्या सुमारास. म्हणजे तिथं सूर्यास्तानंतर नऊएक मिनिटं अमावास्या होती, कोल्हापुरात अजिबात नव्हती. राज्य एकच, कॅलेंडर एकच. दिल्लीचा सूर्यास्तही पावणेसहाचाच, तिथंही आठ मिनिटं मिळत होती. मग दिल्लीनं ‘दोन्ही दिवशी प्रदोषात, म्हणून दुसरा दिवस’ असं का नाही म्हटलं? कारण तिकडच्या निर्णयात घटकाभर तरी अमावास्या सूर्यास्तानंतर हवी, असा आग्रह असतो. आठ मिनिटं म्हणजे तिसरा हिस्सा घटका. ती मोजली नाही. कोलकात्यात सूर्यास्त पाचच्या जरा पुढंच, तिथं पाऊण तासाहून जास्त अमावास्या शिल्लक होती. तरी कालीपूजा २० लाच झाली, कारण कालीपूजेला मध्यरात्रीची अमावास्या लागते, प्रदोषाची नाही. तेव्हा ‘सगळा देश एका दिवशी का करत नाही’ या प्रश्नात मला फारसा दम वाटत नाही. देवता वेगळी, वेळ वेगळी, तर दिवसही वेगळा येणारच.

घटकेचा हा मुद्दा २०२४ ला आपल्याकडंही अडचणीचा होता, ते लोक विसरले. १ नोव्हेंबर २०२४ ला अमावास्या ६:१६ ला संपली आणि कोल्हापूरचा सूर्यास्त ६:०३ चा. तेरा मिनिटं. घटकेला कमीच. शिवाय त्या वर्षी प्रतिपदा अमावास्येपेक्षा आखूड होती, म्हणजे पुरुषार्थचिंतामणीचा आधारही नव्हता. तरी महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिली, ती ‘दोन्ही दिवशी प्रदोषाला स्पर्श, म्हणून दुसरा दिवस’ या नियमावर. माझ्या मते २०२५ चा निर्णय २०२४ पेक्षा भक्कम होता, जरी २०२५ ला अमावास्या सूर्यास्ताआधी संपली आणि त्यामुळं तो जास्त विचित्र दिसला. २०२४ ला ३१ ऑक्टोबर धरणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही.

आता राहिला तुमच्या मुलाचा खरा आक्षेप: अमावास्या संपल्यावर केलेली पूजा अमावास्येची कशी? इथं दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. दिवस कोणता, हे ठरवताना घड्याळाची तिथी बघतात. दिवस एकदा ठरला की पूजा त्या दिवसाच्या प्रदोषातच होते, मग त्या मिनिटाला आकाशात प्रतिपदा का असेना. सूर्योदयाला असलेली तिथी त्या दिवसाच्या कर्मांसाठी पूर्ण दिवसाची धरावी, असं शास्त्रवचन आहे आणि इथं तेच लावतात. म्हणून २१ ला साडेपाचला घाईघाईनं, सूर्य वर असताना पूजा उरकण्याची गरज नव्हती. काही दुकानदारांनी मोबाईलवर ५:५४ बघून तसं केलं. त्यांनी अमावास्या पकडली आणि प्रदोष सोडला, म्हणजे नियमाचा जो मुख्य भाग तोच सोडला. आपल्याकडं पूजेचा काळ ६:०८ पासून साडेआठपर्यंत होता.

मोबाईलबद्दल एक सांगतो. त्यात दिसणारी तिथी बरोबर असते, पण बरीच ॲप पहिल्यांदा उघडल्यावर दिल्ली किंवा उज्जैन धरून सूर्यास्त दाखवतात. गाव कोल्हापूर निवडलंय का बघा. उत्तरेकडचं ॲप असेल तर महिन्याचं नावही वेगळं दिसेल. ते पौर्णिमेला महिना संपवतात, म्हणून आपली आश्विन अमावास्या त्यांच्याकडं कार्तिक अमावास्या असते. रात्र तीच, त्यानं तारखेत फरक पडत नाही. अधिकमास वेगळा धरणाऱ्या पंचांगांत मात्र कधी कधी सण अख्ख्या महिन्यानं सरकतो. टिळक पंचांग पाळणाऱ्या कोकणातल्या घरांना ते माहीत आहे. तो विषय अयनांशांचा, म्हणजे राशिचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची याचा. रोजच्या तिथीशी त्याचा संबंध नाही, कारण तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं अंतर, आणि मोजायला सुरुवात कुठूनही केली तरी दोघांतलं अंतर तेच राहतं.

तुम्हाला माल मागवायचा आणि दिल्लीचा हिशोब मिटवायचा असतो, म्हणून २०२६ चं आत्ताच सांगून ठेवतो. ज्येष्ठ अधिक असल्यामुळं दिवाळी नोव्हेंबरात गेली आहे. अमावास्या रविवारी ८ नोव्हेंबरला सकाळी ११:२७ ला लागते आणि ९ ला दुपारी १२:३१ ला संपते. ९ ला तीन प्रहर दुपारी तीनच्या पुढं संपतात, अमावास्या त्याच्या अडीच तास आधीच गेलेली. त्यामुळं दुसऱ्या वाक्याचा आधार घ्यायचा प्रश्नच येत नाही, लक्ष्मीपूजन दोन्हीकडं ८ ला. अभ्यंगस्नान त्याच दिवशी पहाटे, वहीपूजन संध्याकाळी सहापासून. ९ चा सोमवार रिकामा आणि पाडवा १० ला, म्हणजे पाडव्याच्या गिऱ्हाइकासाठी दुकान लावायला तुम्हाला एक अख्खा दिवस मिळतो.